यंत्र विकत की लीजवर? करानंतरच्या रुपयांचा हिशेब

कारखान्यात नवे यंत्र आणायचे ठरले की मालकापुढे दोन कागद येतात. एक असतो यंत्र विकणाऱ्याचे कोटेशन, दुसरा लीज कंपनीचा प्रस्ताव. पहिल्यावर एकरकमी किंमत असते. दुसऱ्यावर दरवर्षी किंवा दरमहा द्यायचे भाडे असते आणि मुदत संपली की यंत्र परत करायचे असते. हे दोन आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, याची कारणे दोन. पैसे वेगवेगळ्या वेळी जातात, आणि गेलेल्या प्रत्येक रुपयातला काही भाग आयकरातल्या बचतीच्या रूपाने परत येतो. हा परतावाही दोन्ही पर्यायांत वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या प्रमाणात मिळतो. म्हणून आधी प्रत्येक रक्कम करानंतरची करायची, मग ती आजच्या किमतीत आणायची आणि त्यानंतरच तुलना करायची, अशी या हिशेबाची पद्धत आहे.

यंत्र मुळात हवे का, हा प्रश्न या हिशेबाच्या आधी सुटलेला असावा लागतो. यंत्रातून होणारे उत्पादन, त्याची विक्री, ऑपरेटरचा पगार, वीजबिल आणि कटिंग टूल्सचा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच असतो, त्यामुळे तो धरण्याचे कारण नाही. देखभाल आणि विमा दोन्हीकडे वापरणाऱ्यानेच करायचा असेल तर तेही वगळता येतात. लीज कंपनी देखभाल स्वतःकडे घेत असेल, तर मात्र विकत घेण्याच्या बाजूला तो खर्च मांडावा लागतो. जिथे फरक आहे तेवढेच मोजायचे.

उदाहरणादाखल भोसरीच्या एमआयडीसीतील एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊ. कंपनी आणि तिचे आकडे कल्पित आहेत, कराचे नियम मात्र खरे. तिला एक व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, हवे आहे. किंमत ४० लाख रुपये, वर जीएसटी. कंपनीच्या मालावर जीएसटी लागतो, त्यामुळे खरेदीवरच्या जीएसटीचे क्रेडिट तिला मिळते. लीजच्या भाड्यावरच्या जीएसटीचेही मिळते. म्हणून दोन्हीकडून तो बाजूला ठेवता येतो. ज्यांना क्रेडिट मिळत नाही, उदाहरणार्थ रुग्णालयांना, त्यांना तो दोन्ही बाजूंच्या खर्चात धरावा लागतो.

कंपनीने २२ टक्के मूळ दराची कररचना निवडली आहे. त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरला की प्रत्यक्ष दर २५.१६८ टक्के होतो. म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजा होणारा प्रत्येक रुपया साधारण २५ पैसे कर वाचवतो. बँक या कंपनीला यंत्रासाठी १०.७ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. लीज कंपनीने पाच वर्षांसाठी वर्षाला ९ लाख भाडे मागितले आहे, तेही दर वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ. पाच वर्षांनी हे व्हीएमसी सेकंडहँड बाजारात १२ लाखांना विकले जाईल, असा अंदाज आहे.

सगळ्यात नाजूक प्रश्न वटावाच्या दराचा. पाच वर्षांनी येणारा किंवा जाणारा रुपया आज किती पैशांचा, हे हाच दर ठरवतो. लीजचे भाडे ही ठरलेली, चुकवता न येणारी देणी असतात. त्यांचे स्वरूप कर्जाच्या हप्त्यासारखेच आहे, आणि लीज घेतली की तेवढी कर्ज काढण्याची ताकदही कमी होते. म्हणून तुलना कर्जाशीच करायची आणि दरही कर्जाचाच लावायचा, पण करानंतरचा. आज १ लाख रुपये १०.७ टक्क्यांनी घेतले तर वर्षाने १,१०,७०० द्यावे लागतात. त्यातले १०,७०० रुपये व्याज उत्पन्नातून वजा होते आणि २,६९३ रुपये कर वाचतो. खिशातून खरे जातात १,०८,००७. म्हणजे या कंपनीसाठी वर्षानंतरचे १ लाख ८ हजार आणि आजचे १ लाख सारखेच. करानंतरचा दर ८ टक्के झाला.

इथे नेहमीची एक चूक होते. विकत घेण्याच्या बाजूला लोक कर्जाचे हप्तेही मांडतात, व्याजावरची करबचतही मांडतात, आणि वर वटावही करतात. व्याज मग दोनदा मोजले जाते. वटावाच्या ८ टक्क्यांत व्याज आणि त्यावरची करबचत दोन्ही आधीच आलेली आहेत. कर्जाचे करानंतरचे सगळे हप्ते ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर बेरीज बरोबर कर्जाच्या मूळ रकमेइतकी येते. म्हणून विकत घेण्याच्या बाजूला फक्त ४० लाख लिहायचे. ते गल्ल्यातून आले की बँकेतून, याने हिशेब बदलत नाही.

आता विकत घेण्याची बाजू. मालकाला यंत्राच्या किमतीवर घसारा मिळतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी आयकरात हा दर वर्षाला १५ टक्के आहे, आणि तो घटत्या शिलकीवर लागतो. जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर त्या भागावर घसारा मिळत नाही, म्हणून पाया ४० लाखांचाच. यंत्र एप्रिलमध्ये सुरू झाले असे धरू. ते वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले असते, तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे साडेसात टक्के घसारा मिळाला असता. करबचत वर्षाच्या शेवटी हाती येते असे मानले की आकडे असे येतात (रुपयांत):

| वर्ष | घसारा | करबचत | आजची किंमत |
|---|---|---|---|
| १ | ६,००,००० | १,५१,००८ | १,३९,८२२ |
| २ | ५,१०,००० | १,२८,३५७ | १,१०,०४५ |
| ३ | ४,३३,५०० | १,०९,१०३ | ८६,६१० |
| ४ | ३,६८,४७५ | ९२,७३८ | ६८,१६५ |
| ५ | ३,१३,२०४ | ७८,८२७ | ५३,६४८ |

शेवटच्या रकान्याची बेरीज ४ लाख ५८ हजार. पाच वर्षांनी आयकराच्या वहीत यंत्राची शिल्लक किंमत उरते १७ लाख ७५ हजारांच्या आसपास, आणि ते विकले जाते १२ लाखांना. पावणेसहा लाखांचा हा फरक तोटा आहे का?

परदेशी पाठ्यपुस्तकांतून हिशेब शिकलेला माणूस इथे पटकन 'हो' म्हणतो आणि पाचव्या वर्षी त्या तोट्यावर एकदम करबचत मांडतो. भारतात तसे होत नाही. आयकरात यंत्रे एकेकटी नसतात. एकाच दराच्या सगळ्या यंत्रांचा मिळून एक गट असतो, सीए मंडळी त्याला ब्लॉक म्हणतात. यंत्र विकले की आलेली रक्कम ब्लॉकमधून वजा होते आणि उरलेल्यावर घसारा पुढे चालू राहतो. आपल्या उदाहरणात यंत्र सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला विकले असे धरले, तर ५ लाख ७५ हजार रुपये ब्लॉकमध्येच राहतात आणि त्यावर वर्षानुवर्षे १५ टक्के घसारा मिळत जातो. न संपणाऱ्या या मालिकेची बेरीज करायला सोपे सूत्र आहे: शिल्लक गुणिले कराचा दर, गुणिले घसाऱ्याचा दर, भागिले घसाऱ्याचा दर अधिक वटावाचा दर. ५.७५ लाखांवर हे सूत्र लावले की पाचव्या वर्षाअखेरचे सुमारे ९४ हजार येतात, आजच्या किमतीत ६४ हजार. तोटा एकदम वजा होईल असे मानले असते तर करबचत १ लाख ४५ हजार धरली गेली असती, आजच्या किमतीत ९८ हजार. फरक ३४ हजारांचा आहे. तो फार मोठा नाही, पण निर्णय अटीतटीचा असेल तेव्हा असेच फरक पारडे फिरवतात.

हे लागू होते ते ब्लॉकमध्ये दुसरे एखादे यंत्र शिल्लक असेल तरच. कंपनीकडे एकच यंत्र असून तेच विकले गेले, तर ब्लॉक संपतो आणि तोटा अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरतो. तो भांडवली नफ्यातूनच वजा करता येतो, धंद्याच्या नफ्यातून नाही. छोट्या वर्कशॉपला भांडवली नफा सहसा नसतो, त्यामुळे ती करबचत बहुतेक वेळा कागदावरच राहते.

उरले विक्रीचे १२ लाख. इथे ८ टक्के लावणे धाडसाचे आहे. घसाऱ्यावरची करबचत कायद्याने ठरलेली आहे, कंपनी नफ्यात असेल तोवर ती मिळणारच. पाच वर्षांनी जुन्या व्हीएमसीला काय भाव मिळेल हे मात्र कोणीच लिहून देत नाही. वाहन उद्योगाची मागणी कशी आहे, कंट्रोलर कोणता आहे, स्पिंडल किती तास फिरले आहे, सुटे भाग मिळतात का, यावर तो ठरतो. म्हणून या एका रकमेला जास्त दर लावण्याची पद्धत आहे. इथे १२ टक्के घेतला आहे. त्या दराने १२ लाखांची आजची किंमत ६ लाख ८१ हजार होते.

विकत घेण्याची बाजू अशी पूर्ण होते: ४० लाखांतून घसाऱ्यावरचे ४.५८, विक्रीचे ६.८१ आणि ब्लॉकमधल्या शिलकीचे ०.६४ लाख वजा केले की उरतात २७ लाख ९७ हजार.

लीजची बाजू सोपी आहे. वर्षाच्या सुरुवातीला ९ लाख, असे पाच वेळा. पहिला हप्ता आजच जातो, म्हणून त्याला वटाव नाही. पाचही हप्त्यांची आजची किंमत ३८ लाख ८१ हजार. भाडे पूर्णपणे खर्च म्हणून वजा होते, त्यामुळे दर वर्षाअखेर २ लाख २६ हजार ५१२ रुपये कर वाचतो. पाच वर्षांच्या या बचतीची आजची किंमत ९ लाख ४ हजार. निव्वळ खर्च २९ लाख ७७ हजार.

लीज विकत घेण्यापेक्षा १ लाख ८० हजारांनी महाग पडते. 'भाडे शंभर टक्के वजा होते, घसारा तर फक्त पंधरा टक्के' हा लीज विकणाऱ्यांचा आवडता मुद्दा आहे, आणि तो खोटाही नाही. करबचत लीजमध्ये खरोखरच जास्त आहे: ९ लाखांच्या वर, तर विकत घेण्यात सव्वापाच लाखांच्या आत. पण ती जास्त आहे ती जास्त खर्च केल्यामुळे. २५ पैसे वाचवायला पूर्ण रुपया द्यावा लागतो, आणि शेवटी यंत्रही परत जाते.

हाच हिशेब भाव करतानाही कामाला येतो. विकत घेण्याच्या खर्चाशी बरोबरी साधणारे भाडे किती, हे उलट गणित केले तर उत्तर येते वर्षाला सुमारे ८ लाख ४५ हजार. लीज कंपनी त्याखाली उतरली तर तिचा प्रस्ताव घेण्यासारखा, नाही तर बँकेकडे जावे.

या निकालावर कितपत विसंबायचे हे तपासायचे असेल, तर दोन आकडे हलवून पाहावेत. पहिला वटावाचा दर. अनेक कंपन्यांत नव्या गुंतवणुकीसाठी एक ठरावीक दर असतो, समजा १२ टक्के, आणि सवयीने तोच सगळीकडे वापरला जातो. इथे सगळ्या रकमांना १२ टक्के लावले तर लीजचा खर्च २८ लाख १७ हजार येतो आणि विकत घेण्याचा २८ लाख ५५ हजार. निकाल उलटला! यंत्र तेच, भाडे तेच, करही तोच. कारण सरळ आहे: लीजमध्ये पैसे पुढे जातात, आणि दर जितका चढा तितके पुढचे देणे आज हलके दिसते. पण ते देणे खरोखर हलके झालेले नसते. बँक १०.७ टक्क्यांनी पैसे द्यायला तयार असताना ठरलेल्या देण्यांना १२ टक्के, तेही करानंतरचे, लावणे म्हणजे लीजला फुकटची सूट देणे. लीज 'फायद्याची' दाखवणारे अनेक तक्ते याच जागी फसलेले असतात. तक्ता हाती आला की आधी त्यातला दर आणि स्वतःच्या कर्जाचा करानंतरचा दर ताडून पाहावा.

दुसरा आकडा पुनर्विक्रीचा. १२ लाखांऐवजी यंत्र ८ लाखांनाच गेले तर विकत घेण्याचा खर्च २९ लाख ७९ हजार होतो, म्हणजे जवळजवळ लीजइतकाच. त्यामुळे मालकापुढचा प्रश्न फार नेमका होतो: पाच वर्षांनी हे यंत्र ८ लाखांच्या वर जाईल का? व्हीएमसीसारख्या सर्वत्र चालणाऱ्या यंत्राबाबत सेकंडहँड व्यापाऱ्यांकडे चौकशी करून याचे बऱ्यापैकी उत्तर मिळते. एकाच ग्राहकाच्या एकाच सुट्या भागासाठी बनवून घेतलेल्या विशेष यंत्राबाबत ते मिळणे कठीण. पुनर्विक्रीची ही जोखीम लीज कंपनीवर टाकणे, हे लीजमागचे एक खरे कारण असू शकते. त्यासाठी १ लाख ८० हजार ही किंमत योग्य आहे की नाही, हे मग मालकाने ठरवायचे.

करारातल्या बारीक अक्षरांचाही हिशेब असतो. बिनव्याजी अनामत हे त्यातले नेहमीचे कलम. लीज कंपनीने ४ लाख अनामत मागितली आणि पाच वर्षांनी तेवढीच परत दिली, तर ८ टक्के दराने तिची आजची किंमत फक्त २ लाख ७२ हजार होते. म्हणजे लीजचा खर्च आणखी १ लाख २८ हजारांनी वाढला. यंत्र परत करताना ते उतरवणे, वाहतूक आणि 'चांगल्या स्थितीत' आणण्याची दुरुस्ती कोणाकडे, हेही पाहावे. मुदतीआधी करार मोडता येत असेल आणि दंड माफक असेल, तर त्या मोकळिकीला किंमत आहे. मागणी घटली तर विकत घेतलेले यंत्र गळ्यात पडते, लीजचे परत करता येते. वरच्या गणितात ही किंमत कुठेच धरलेली नाही. मात्र अनेक करारांत आधी सोडले तरी उरलेले सगळे भाडे भरावे लागते. तशा वेळी मोकळीक नावालाच उरते.

करारावर 'लीज' लिहिले म्हणून करही तसाच लागेल असे नाही. घसारा मालकाला मिळतो, आणि लीज कंपनी मालक असेल तर तो तिचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस लिमिटेडच्या प्रकरणात लीजवर दिलेल्या वाहनांबाबत हेच मान्य केले. हायर परचेसमध्ये मात्र घसारा वापरणाऱ्याला मिळतो, आणि हप्त्यातला वित्तखर्चाचा भागच वजा होतो. असा प्रस्ताव लीजच्या नव्हे, विकत घेण्याच्या बाजूला मांडायचा असतो. हिशेबाच्या वह्यांतली मांडणी हा आणखी वेगळा भाग. एप्रिल २०१९ पासून लागू झालेले इंड एएस ११६ हे मानक मोठ्या कंपन्यांना बहुतेक लीज ताळेबंदात मालमत्ता आणि देणे म्हणून दाखवायला लावते. त्यामुळे ताळेबंद बदलतो. आयकरातला घसाऱ्याचा हक्क मात्र त्याने बदलत नाही.

कंपनीची करस्थिती बदलली की हिशेब पुन्हा करावा लागतो. २२ टक्क्यांची रचना घेणाऱ्या कंपनीने अतिरिक्त घसारा सोडलेला असतो. जुन्या रचनेत राहिलेल्या उत्पादकाला, उदाहरणार्थ भागीदारी संस्थेला, नव्या यंत्रावर नेहमीच्या १५ टक्क्यांखेरीज पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळू शकतो. तिचा कराचा दरही चढा असतो. लीजवर ही सवलत हाती येत नाही, त्यामुळे अशा संस्थेसाठी पारडे विकत घेण्याकडे आणखी झुकते.

तोट्यातल्या कंपनीला मात्र वाचवायला करच नसतो. व्याजावरही करबचत नाही, म्हणून तिच्यासाठी दर ८ नव्हे तर पूर्ण १०.७ टक्के. आपल्याच आकड्यांत लीजचा खर्च ३७ लाख १० हजार होतो. विक्रीच्या रकमेचा दरही त्याच प्रमाणात वर, १४.७ टक्क्यांवर, नेला तर विकत घेण्याचा खर्च ३३ लाख ९६ हजार येतो. अशा कंपनीला लीज परवडते ती एकाच वाटेने: लीज कंपनी नफ्यात असते, घसाऱ्याची करबचत तिला लगेच मिळते आणि त्यातला वाटा ती भाडे कमी करून देते. गॅस सिलिंडरसारख्या वस्तूंवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे तेव्हा, १९९० च्या दशकात, असे सौदे भरपूर झाले. १५ टक्के दरात वाटून घेण्याजोगे फारसे उरत नाही. तोट्यातल्या कंपनीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाड्यामुळे वाढलेला धंद्याचा तोटा आठ वर्षांपर्यंतच पुढे ओढता येतो, न वापरलेल्या घसाऱ्याला मात्र अशी मुदत नाही. नफ्यात यायला वेळ लागणार असेल, तर घसाऱ्याची करबचत उशिरा का होईना हाती येते. भाड्याची कायमची बुडू शकते.